सही झाल्यानंतर : करार रद्द करण्याचा हक्क आणि तो गमावण्याची वाट

कागदावर सही झाली म्हणजे विषय संपला, अशी समजूत आपल्या पेढ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. ही समजूत वाईट नाही. शब्द पाळावा आणि सहीचा मान राखावा, या शिस्तीवरच उधारी, हुंडी आणि अडत यांचा सारा व्यवहार उभा राहिला. परंतु या समजुतीचा एक दुष्परिणामही आमच्या पाहण्यात वारंवार येतो. ज्याची सही फसवून, धाक घालून अथवा दडपणाखाली घेतलेली असते, तोही ‘आता काय उपयोग? सही तर होऊन बसली’ असे म्हणून स्वस्थ बसतो. आणि नेमक्या त्या स्वस्थ बसण्यानेच कायद्याने त्याच्या हाती ठेवलेला उपाय निसटून जातो. सही त्याला तितकी नडत नाही, जितके सहीनंतरचे त्याचे स्वतःचे वर्तन त्याला नडते. या लेखात आम्हांला मुख्यतः हेच सांगावयाचे आहे.

भारतीय कराराचा कायदा १८७२ सालचा. करार बंधनकारक होण्यासाठी दोन्ही पक्षांची संमती असून भागत नाही. ती संमती मोकळी असावी लागते, हे या कायद्याचे सूत्र आहे. संमती कपटाने, असत्य कथनाने, जबरदस्तीने किंवा अनुचित दडपणाने मिळविलेली असेल, तर तो करार ‘रद्द करण्याजोगा’ ठरतो. या दोन शब्दांचा नेमका अर्थ ध्यानी घेतला पाहिजे. असा करार आपोआप रद्द होत नाही. ज्याची संमती अशा रीतीने मिळविली गेली त्याच्या इच्छेवर तो अवलंबून राहतो. त्याने मोडावयाचे ठरविले तर मोडतो, आणि त्याने चालू ठेवला तर इतर कोणत्याही करारासारखा पुरता बंधनकारक होतो. ज्याने फसविले त्याला मात्र यातून अंग काढून घेता येत नाही.

तीन कारणे, तीन प्रश्न

पहिले कारण असत्य कथनाचे. विकणाऱ्याने खोटे आहे हे ठाऊक असून सांगितले तर ते कपट होय. स्वतःला खरे वाटत होते म्हणून सांगितले, पण वस्तुस्थिती तशी नव्हती, तर ते निर्दोष असत्य कथन होय. करार रद्द करण्यास दोन्ही पुरेशी आहेत. मात्र त्या कथनामुळेच आपण करारास तयार झालो, हे दाखवावे लागते. ‘माल उत्तम आहे’ ही विक्रेत्याची नेहमीची स्तुती झाली. ‘हे यंत्र तासाला इतके मण सरकी दळते’ हे वस्तुस्थितीचे कथन झाले, आणि कायदा बोलतो तो या दुसऱ्या प्रकाराविषयी. शिवाय येथे एक मर्यादा आहे. निर्दोष असत्य कथन असेल, किंवा विक्रेत्याचे मौनच कपटाचे ठरत असेल, आणि साधी दक्षता घेतली असती तर खरे काय ते कळण्याजोगे साधन आपल्या हाती होते, तर करार रद्द करता येत नाही. समोर ठेवलेली खातेवही ज्याने उघडली नाही, त्याला तिच्यात काय होते हे नंतर विचारले जाणारच. उघड उघड खोटे बोलून फसविणाऱ्याला मात्र या मर्यादेचा आडोसा मिळत नाही.

आपल्यापैकी अनेकजण बेळगाव, हैदराबाद, बडोदे अशा ठिकाणी व्यापार करतात. तेथे दस्तऐवज एका भाषेत, बोलणे दुसऱ्या भाषेत आणि सही तिसऱ्या लिपीत, हा नित्याचा प्रकार आहे. दस्त वाचून दाखविणाऱ्याने मजकूर भलताच सांगितला, तर काय? सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली एका बक्षीसपत्राच्या खटल्यात यातला भेद स्पष्ट केला. कागद कोणत्या जातीचा आहे हेच फसवून सांगितले असेल, म्हणजे मुखत्यारपत्र म्हणून खरेदीखतावर सही घेतली असेल, तर तो दस्त मुळातच शून्य होय. पण बक्षीसपत्र आहे हे ठाऊक असून त्यात कोणकोणत्या जमिनी घातल्या आहेत एवढेच खोटे सांगितले असेल, तर तो दस्त केवळ रद्द करण्याजोगा ठरतो; आणि मग तो मुदतीत रद्द करून घेण्याची जबाबदारी सही करणाऱ्यावर येते.

दुसरे कारण जबरदस्तीचे. जबरदस्ती म्हटली की काठी आणि सुरी डोळ्यांपुढे येते. पण व्यापाऱ्याला अधिक उपयोगी पडणारा प्रकार निराळाच आहे. फौजदारी कायद्याने निषिद्ध असलेले कृत्य करणे अथवा तशी धमकी देणे, यांबरोबरच एखाद्याची मालमत्ता बेकायदा अडवून धरणे अथवा अडविण्याचा धाक घालणे हीदेखील कायद्याच्या व्याख्येत जबरदस्तीच आहे. १९२७ सालचा मद्रास उच्च न्यायालयाचा एक निवाडा या दृष्टीने प्रत्येक पेढीच्या मालकाने लक्षात ठेवण्यासारखा आहे. एका चेट्टी सावकाराने आपल्या जुन्या मुनिमाच्या जागी नवा मुनीम पाठविला. जुना मुनीम वह्या सोडीना. ‘माझ्यावर कसलीही जबाबदारी राहिली नाही अशी फारखत लिहून द्या, तरच वह्या मिळतील,’ असे त्याने बजावले. वह्यांवाचून येणे कोणाकडे, देणे कोणाचे, हे कळण्याचा मार्गच नव्हता. मालकाने निरुपायाने फारखत लिहून दिली. न्यायालयाने ठरविले की वह्या मालकाच्या होत्या, त्या अडवून धरणे बेकायदा होते, आणि म्हणून त्या दडपणाखाली दिलेली फारखत मालकाला रद्द करून घेता येते. येथे कोणी हात उगारला नव्हता की आवाज चढविला नव्हता. प्रश्न एवढाच होता : जे अडविले ते अडविण्याचा त्याला हक्क होता काय?

हाच प्रश्न उलट्या बाजूनेही विचारावा. ‘पैसे दे, नाहीतर दिवाणी दावा लावतो,’ ही धमकी जबरदस्ती नव्हे. कारण दावा लावण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. ‘या दराने माल देत नसलात तर पुढे तुमच्याशी व्यवहार बंद,’ हीदेखील या व्याख्येतली जबरदस्ती नव्हे. बाजारातली ओढाताण आणि बेकायदा अडवणूक यांत कायद्याने भेद केलेला आहे.

तिसरे कारण अनुचित दडपणाचे. येथे धमकी नसते, नाते असते. बाप आणि मुलगा, वकील आणि अशील, वृद्ध आजारी चुलता आणि त्याची सेवा करणारा पुतण्या, अशा नात्यांत एकाच्या इच्छेवर दुसऱ्याचे वर्चस्व चालू शकते. त्या वर्चस्वाचा उपयोग करून त्याने अवाजवी फायदा मिळविला, तर करार रद्द करता येतो. मात्र या दोन्ही गोष्टी लागतात : आधी वर्चस्व, मग त्याचा गैरवापर. नुसता सौदा वाईट होता, एवढ्याने भागत नाही. १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रिव्ही कौन्सिलच्या एका निवाड्यात हे ठळकपणे दिसते. बापाशी इस्टेटीचा तंटा आणि त्यातून उद्भवलेला फौजदारी खटला अंगावर आलेल्या एका गृहस्थाने बचावासाठी १०,००० रुपये कर्ज काढले. व्याज सालीना शेकडा २४, तेही चक्रवाढ. अकरा वर्षांत देणे लाखावर गेले. आपल्या अडचणीचा सावकाराने फायदा घेतला, असे त्याचे म्हणणे. परंतु पैशाची निकड होती एवढ्यावरून सावकाराचे त्याच्या मनावर वर्चस्व होते असे सिद्ध होत नाही, असे म्हणून ते म्हणणे फेटाळले गेले. गरज ही दडपण नव्हे. वर्चस्व एकदा शाबीत झाले आणि सौदा तोंडावरच अन्यायाचा दिसत असला, म्हणजे मात्र पारडे फिरते. मग सौदा स्वच्छ होता हे सिद्ध करण्याचा भार बलवत्तर पक्षावर पडतो.

लॉरीचा खटला

आता मुख्य गोष्टीकडे वळू. हक्क असूनही तो कसा जातो, हे जितके स्वच्छ एका इंग्लिश खटल्यात दिसते तितके इतरत्र क्वचितच दिसेल. आपला कायदा इंग्लिश न्यायतत्त्वांवरून घडलेला असल्यामुळे तेथील निवाडे आपल्याकडे बंधनकारक नसले, तरी आधारासाठी वाचले जातात.

एका मालवाहतूकदाराने आपली लॉरी विक्रीस काढली. जाहिरातीत ती असाधारण चांगल्या स्थितीत असल्याचे म्हटले होते. लॉरी ताशी ४० मैल जाते आणि गॅलनमागे ११ मैल चालते, असेही त्याने ग्राहकाला सांगितले. ग्राहक स्वतः त्याच धंद्यातला. त्याने लॉरी चालवून पाहिली. वेग दाखविणारे यंत्र बंद होते, वरचा गिअर अडखळत होता. तरीही त्याने ७५० पौंडांस सौदा केला आणि निम्मी रक्कम रोख दिली. दोन दिवसांत पहिली फेरी झाली. तीत डायनॅमो बंद पडला, तेल गळू लागले, एका चाकाला तडा आढळला आणि ४० मैलांना ८ गॅलन इंधन लागले, म्हणजे गॅलनमागे ५ मैल. त्याच संध्याकाळी त्याने विकणाऱ्याला हे सारे ऐकविले. विकणाऱ्याने डायनॅमोच्या दुरुस्तीचा निम्मा खर्च देऊ केला, आणि ग्राहकाने ते मान्य केले. दुसऱ्या दिवशी दुरुस्त लॉरी माल भरून दूरच्या गावी रवाना झाली. वाटेत ती पुन्हा बंद पडली. मग मात्र ग्राहकाने पैसे परत मागितले. तज्ज्ञाने तपासून लॉरी रस्त्यावर चालविण्यास अयोग्य असल्याचे सांगितले.

इंग्लंडच्या अपील न्यायालयाने १९५८ साली निकाल दिला तो ग्राहकाविरुद्ध. विकणाऱ्याची विधाने खोटी होती, पण जाणूनबुजून केलेली नव्हती, हे मान्य झाले. पहिल्या फेरीबद्दल न्यायालयाने ग्राहकाला दोष दिला नाही. लॉरी कशी आहे हे चालविल्यावाचून कळणार कसे? परंतु दोष कळून चुकल्यानंतर त्याने डायनॅमोचे अर्धे पैसे घेण्याचे कबूल केले आणि लॉरी पुन्हा धंद्याच्या कामी लावली. ही दुसरी फेरी म्हणजे ‘लॉरी माझी, करार मला मान्य’ असे वर्तनाने सांगणेच होय, असे न्यायालयाने ठरविले. करार मोडण्याचा हक्क तेथेच संपला. सही होऊन तेव्हा आठवडाही उलटला नव्हता.

हाच सौदा आपल्याकडे झाला असता तर? आपल्याकडेही विशिष्ट अनुतोषाच्या १९६३ च्या कायद्यात हेच तत्त्व आहे. उघडपणे अथवा वर्तनाने ज्याने करार कायम केला, त्याला न्यायालय करार रद्द करून देण्याचे नाकारू शकते. शिवाय आपल्या ग्राहकाला आणखी एक अडचण आली असती. तो धंद्यातला जाणकार. बंद पडलेले यंत्र त्याने सौद्यापूर्वी डोळ्यांनी पाहिले होते. ‘साधी दक्षता घेतली असती तर खरे कळले असते’ ही वर सांगितलेली मर्यादा प्रतिवादीच्या वकिलाने नक्कीच पुढे आणली असती.

मग त्याने करावयास काय हवे होते? पहिल्या फेरीच्या संध्याकाळी लॉरी उभी करावयाची होती. निम्म्या खर्चाचा देकार नाकारावयाचा होता. ‘आपण सांगितलेल्या अमुक गोष्टी खोट्या निघाल्या, मी करार रद्द करीत आहे, लॉरी आपल्या स्वाधीन घ्यावी आणि माझे पैसे परत द्यावे’ असे लेखी कळवावयाचे होते. या तीन कृतींनी त्याचा हक्क शाबूत राहिला असता. फसविला गेलेला माणूस बहुधा करार मोडावयाचाही आणि वस्तू वापरावयाचीही अशा दोन दगडींवर पाय ठेवून उभा राहतो. कायदा त्याला एकीवरच उभे राहू देतो.

परत द्यावयाचे ते परत द्या

करार रद्द करणाराने त्या कराराखाली मिळालेला लाभ परत केला पाहिजे, हे दुसरे पथ्य. आगाऊ रक्कम घेतली असेल तर ती, माल आला असेल तर तो. १८९९ साली कायद्यात घातलेल्या एका कलमातील उदाहरण फार बोलके आहे. सावकाराने शेतकऱ्याला १०० रुपये दिले आणि अनुचित दडपणाने त्याच्याकडून २०० रुपयांचा रोखा, दरमहा शेकडा ६ व्याजाने, लिहून घेतला. न्यायालय तो रोखा रद्द करू शकते. परंतु शेतकऱ्याने खरोखर घेतलेले १०० रुपये आणि त्यांवर वाजवी वाटेल ते व्याज त्याला द्यावेच लागते. रोखा रद्द झाला म्हणून मुद्दल बुडविता येत नाही. ज्याला परत देण्याची तयारी नाही, त्याने रद्द करण्याची भाषा न केलेली बरी.

परत देणेच अशक्य झाले असेल, किंवा ती वस्तू मधल्या काळात तिसऱ्या माणसाने काहीही ठाऊक नसताना, पुरते मोल देऊन विकत घेतली असेल, तर करार रद्द होण्याची आशा मावळते. खोट्या पतीवर कोणी आपल्याकडून साखरेची शंभर पोती उचलली आणि आपण करार रद्द करण्यापूर्वी ती दुसऱ्या प्रामाणिक दुकानदाराला विकली, तर मालविक्रीच्या १९३० च्या कायद्याप्रमाणे त्या दुकानदाराची मालकी पक्की होते. आपल्या हाती उरतो तो केवळ फसविणाऱ्याविरुद्धचा पैशाचा दावा. म्हणून रद्द केल्याची लेखी सूचना ही त्याच दिवशीची गोष्ट आहे.

फारखत, पावती आणि तपशील

आजच्या व्यापारात जुन्या मुनिमाची जागा पुष्कळदा विमा कंपनीने किंवा मोठ्या खरेदीदाराने घेतलेली दिसते. ‘पूर्ण व अंतिम फेड’ अशा छापील पावतीवर सही द्या, तरच मान्य झालेली रक्कम सोडू, असे सांगितले जाते. पुरात गुदाम बुडालेल्या एका विमेदाराने अशीच सही दिली होती. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अशी पावती दाखविली एवढ्यानेच वाद संपत नाही. ती खुशीने दिली की रक्कम अडवून धरल्यामुळे दिली, याचा निर्णय झाला पाहिजे. पण २०१४ साली त्याच न्यायालयाने दुसऱ्या एका विमेदाराचे तसेच म्हणणे फेटाळले. कारण त्याने ‘जबरदस्ती झाली’ हे शब्द लिहिले होते, ती कशी झाली हे दाखविणारे काहीही पुढे ठेवले नव्हते.

या दोन निवाड्यांत विरोध नाही. दिवाणी प्रक्रियेचा नियमच असा आहे की कपट, असत्य कथन किंवा अनुचित दडपण यांचा आरोप करणाराने तारखा आणि बाबी यांसह तपशील दावाअर्जात मांडला पाहिजे. कोणी, कोणत्या दिवशी, कोणते शब्द उच्चारले, कोणती वस्तू अडविली, आपण त्यावर काय केले, हे लिहिता आले पाहिजे. नाइलाजाने सही करावी लागली तर त्या दिवशीच पत्र धाडावे : अमुक रक्कम अडवून धरल्यामुळे सही केली, बाकीचा हक्क सोडलेला नाही. तेच पत्र पुढे साक्षीदाराचे काम करते. सहा महिन्यांनी वकिलाच्या सल्ल्याने लिहिलेल्या सुंदर नोटिशीला ते वजन येत नाही.

राहता राहिला मुदतीचा प्रश्न. दस्त अथवा करार रद्द करून घेण्याच्या दाव्यास १९६३ च्या मुदतीच्या कायद्याने तीन वर्षे दिली आहेत. ती मोजावयाची ज्या गोष्टींमुळे रद्द करण्याचा हक्क उत्पन्न होतो त्या प्रथम कळल्या तेव्हापासून, सहीच्या दिवसापासून नव्हे. दस्त नोंदणी झालेला असेल तर न्यायालयाच्या हुकुमाची प्रत नोंदणी अधिकाऱ्याकडे जाते आणि तो आपल्या दप्तरी तशी नोंद घेतो. तोवर जग त्या दस्ताला खराच धरून चालते. मात्र तीन वर्षांचा अवधी म्हणजे तीन वर्षे गप्प राहण्याची मुभा, असा अर्थ कोणी करू नये. लॉरीवाल्याच्या हाती वर्षे शिल्लक होती. त्याचा हक्क गेला तो एका फेरीने.